कुट्टक आणि आंशिक अपूर्णांक: एका पायरीच्या दोन कहाण्या

१/
बारावीच्या गणितात, वर्ग भोरचा असो वा चाळीसगावचा, संकलनाच्या प्रकरणात एक युक्ती शिकवली जाते. छेदात दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर अपूर्णांक फोडून दोन सोप्या अपूर्णांकांची बेरीज करायची. या तुकड्यांना आंशिक अपूर्णांक म्हणतात. A, B, C ही अक्षरे मांडायची, सहगुणक जुळवायचे आणि उत्तर काढायचे. हे तुकडे दर वेळी सापडतातच का, हा प्रश्न वर्गात सहसा उद्भवत नाही. त्याचे उत्तर एका फार जुन्या प्रश्नात दडलेले आहे: अमुक संख्येने भागल्यास इतकी बाकी, तमुक संख्येने भागल्यास तितकी, तर मूळ संख्या कोणती?

२/
या प्रश्नाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना चीनमधील ‘सुन्‌त्झी’ गणितग्रंथात आहे. तो ग्रंथ साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातला मानला जातो. ३ ने भागल्यास बाकी २, ५ ने भागल्यास ३ आणि ७ ने भागल्यास २ उरेल अशी संख्या तेथे विचारली असून उत्तर २३ आहे. या प्रश्नामुळेच पुढे या सिद्धांताला ‘चिनी शेष सिद्धांत’ हे नाव मिळाले. भाजकांपैकी कोणत्याही दोघांत १ खेरीज सामाईक विभाजक नसेल, तर कोणत्याही बाक्या मागा. त्या देणारी संख्या असतेच, आणि भाजकांच्या गुणाकाराहून लहान अशी ती एकच असते, असे तो सांगतो.

३/
भारतात हाच प्रश्न आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीय’ ग्रंथाच्या गणितपादातील शेवटच्या दोन श्लोकांत सोडवला. त्यांची मांडणीही बाक्यांचीच होती: दोन भाजक, दोन शेष, संख्या काढा. श्लोक इतके आटोपशीर की भाष्याविना उलगडू नयेत. ते काम पहिल्या भास्करांनी इ.स. ६२९ मध्ये केले. त्यांच्या भाष्यातील एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे: ८ ने भागल्यास ५, ९ ने भागल्यास ४ आणि ७ ने भागल्यास १ उरेल अशी संख्या कोणती? उत्तर ८५. हे ८५ पुढे पुन्हा भेटणार आहे.

४/
या पद्धतीचे नाव कुट्टक. कुटणे म्हणजे बारीक करणे. मोठ्या संख्या भागत भागत लहान करत न्यायच्या, म्हणून हे नाव. मराठी मुलखाच्या दृष्टीने तिची सर्वांत सुबक मांडणी भास्कराचार्यांची, म्हणजे दुसऱ्या भास्करांची. जन्म शके १०३६, अर्थात इ.स. १११४, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणि’ पूर्ण. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. या दोन्हींत कुट्टकाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथील प्रश्नाचे रूप असे: दिलेल्या भाज्याला कोणत्या गुणाने गुणून त्यात दिलेला क्षेप मिळवला असता हाराने निःशेष भाग जातो?

५/
‘लीलावती’तले पहिलेच उदाहरण पाहावे. भाज्य २२१, हार १९५, क्षेप ६५. तिघांनाही १३ ने भाग जातो. तो देऊन टाकला की १७, १५ आणि ५ उरतात. अशा आणखी लहान न होणाऱ्या भाज्य-हारांना भास्कराचार्य ‘दृढ’ म्हणतात. आता १७ ला १५ ने भागले: भागाकार १, बाकी २. पुढे १५ ला २ ने भागले: भागाकार ७, बाकी १. बाकी १ आली की कुटणे संपले. मग भागाकार एकाखाली एक लिहायचे, त्यांच्याखाली क्षेप आणि शेवटी शून्य: १, ७, ५, ०. या उभ्या ओळीचे नाव वल्ली, म्हणजे वेल.

६/
वेल खालून वर चढायची. ७ गुणिले ५, अधिक ०, म्हणजे ३५. मग १ गुणिले ३५, अधिक ५, म्हणजे ४०. पस्तिसातून १५ चे पट काढले की ५ उरतात, तो गुण. चाळिसातून १७ चे पट काढले की ६ उरतात, ती लब्धि. पडताळा: १७ × ५ + ५ = ९० आणि १५ × ६ = ९०. इतकेच काम. यात तर्काने पदे शोधणे नाही, चाचपडणे नाही. दोन भागाकार आणि दोन गुणाकार यांत उत्तर हाती येते.

७/
खरी मेख पुढच्या नियमात आहे. क्षेप दर वेळी बदलतो, मग दर वेळी वेल कशाला चढायची? भास्कराचार्य सांगतात, क्षेप १ धरून एकदाच गुण आणि लब्धि काढून ठेवावी. हवा तो क्षेप आला की त्याने गुणून घ्यावे. याला स्थिरकुट्टक म्हणतात. वरच्या उदाहरणात क्षेप १ घेतला तर वल्ली १, ७, १, ० अशी होते आणि गुण ७, लब्धि ८ मिळते. म्हणजे १७ × ७ + १ = १५ × ८. दुसऱ्या शब्दांत, १५ × ८ − १७ × ७ = १. दोन दृढ संख्यांच्या पटींतून एक घडवता येतो, आणि एक घडला की त्याच्या पटीने काहीही घडते.

८/
आता याच ओळीला १५ × १७, म्हणजे २५५ ने भागून पाहावे.

८/१७ − ७/१५ = १/२५५

गुणाकाराचा छेद असलेला अपूर्णांक फुटून दोन सुट्या छेदांचे अपूर्णांक झाले. वर्गात आंशिक अपूर्णांक म्हणून जे शिकवतात ते संख्यांच्या बाबतीत नेमके हेच आहे. त्याच ओळीकडे बाक्यांच्या नजरेनेही पाहता येते. १५ × ८ म्हणजे १२०. १७ ने भागल्यास १२० ची बाकी १, १५ ने भागल्यास ०. उलट −११९ ची १५ ने बाकी १ आणि १७ ने ०. या दोन संख्या म्हणजे जणू दोन कळा. एकीला हव्या त्या बाकीने गुणा, दुसरीला हव्या त्या बाकीने गुणा आणि बेरीज करा. दोन्ही बाक्या देणारी संख्या तयार.

९/
म्हणजे ‘अपूर्णांक फोडणे’ आणि ‘बाक्यांवरून संख्या शोधणे’ ही एकाच समीकरणाची दोन वाचने आहेत. पहिल्या भास्करांच्या ८५ वर हे तपासता येते. ८, ९ आणि ७ यांचा गुणाकार ५०४. तर ८५/५०४ फोडायचा आहे. ८ चा तुकडा असा काढायचा: ८५ ची ८ ने बाकी ५. उरलेल्या दोन भाजकांचा गुणाकार ६३. त्याची ८ ने बाकी ७. सातला कशाने गुणले म्हणजे ८ ने बाकी १ येईल? सातानेच, कारण ४९ म्हणजे ४८ आणि १. म्हणून अंश ५ × ७ = ३५, म्हणजे ८ ने बाकी ३. तुकडा ३/८.

१०/
याच रीतीने ९ चा तुकडा २/९ आणि ७ चा ४/७ येतो. बेरीज करून पाहावी: १८९, ११२ आणि २८८ मिळून ५८९, म्हणजे ५८९/५०४. हवे होते ८५/५०४. फरक नेमका ५०४/५०४, म्हणजे १. तेव्हा

८५/५०४ = ३/८ + २/९ + ४/७ − १

शेवटचा −१ हा चुकीचा परिणाम नव्हे. बाक्या फक्त तुकडे ठरवतात. तुकड्यांची बेरीज एकाच्या पुढे गेली की हातच्यासारखा एक पूर्णांक वर येतो आणि तो वेगळा वजा करावा लागतो. हा हातचा नीट लक्षात ठेवावा, कारण बहुपदींच्या राज्यात तो नाहीसा होणार आहे.

११/
ही रीत कधी फसते हेही भास्कराचार्यांनी सांगून ठेवले आहे. भाज्य आणि हार यांना ज्या संख्येने भाग जातो तिने क्षेपाला जात नसेल, तर विचारलेला प्रश्नच दुष्ट, म्हणजे चुकीचा. उदाहरणार्थ, एखाद्या संख्येची ४ ने बाकी १ आणि ६ ने बाकी २ असूच शकत नाही; पहिली अट तिला विषम ठरवते, दुसरी सम. तशीच अडचण अपूर्णांकांची. १/२४ हा ४ आणि ६ छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, कारण त्या बेरजेचा छेद १२ च्या पुढे जातच नाही. दोन्ही अपयशांचे कारण एकच: भाजक परस्परांशी दृढ नाहीत.

१२/
मग बाराव्या शतकात कुट्टकाचा उपयोग कशासाठी होत होता? मुख्यतः ज्योतिषासाठी, म्हणजे ग्रहगणितासाठी. कल्पातील ग्रहाची भ्रमणे पूर्णांकात दिलेली आणि दिवसही पूर्णांकात. ग्रहाचे स्थान काढताना भागाकारातून जो शेष उरतो, त्यावरून अहर्गण, म्हणजे गेलेल्या दिवसांची संख्या, उलट शोधायची असे. तेथे अर्धा दिवस किंवा पाऊण भ्रमण चालत नाही. पूर्णांकातच उत्तर हवे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी तेथे मठ स्थापल्याची नोंद या लेखात आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला.

१३/
येथे इतिहासाचा खरा पेच सुरू होतो. ‘बीजगणित’ ग्रंथात कुट्टक आहेच. पण त्याआधीच्या प्रकरणांत अव्यक्त राशींची गणितेही आहेत. ‘यावत्तावत्’ या अज्ञाताच्या राशी कशा मिळवाव्यात, वजा कराव्यात, गुणाव्यात आणि भागाव्यात हे भास्कराचार्य शिकवतात. म्हणजे आजच्या भाषेत बहुपदींचा भागाकार एका प्रकरणात आणि कुट्टक दुसऱ्या प्रकरणात, दोन्ही एकाच ग्रंथात. ही दोन प्रकरणे जोडली, म्हणजे अव्यक्त राशींचाच कुट्टक केला, तर आंशिक अपूर्णांक हाती येतात. ती जोडणी त्या ग्रंथात नाही. कुट्टक पूर्णांकांच्या प्रश्नांसाठी होता. बहुपदींचे अपूर्णांक फोडण्याची गरज उत्पन्न करणारा प्रश्न तेव्हा समोरच नव्हता.

१४/
तो प्रश्न युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. कलनशास्त्र नवे होते आणि बहुपदी भागिले बहुपदी अशा राशींचे संकलन कसे करावे हे ठरवायचे होते. 1/(x−1) चे संकलन लॉगरिथम देते, 1/(x²+1) चे संकलन वर्तुळाचा कंस देते. मोठा अपूर्णांक या लहान नमुन्यांत फुटला तर काम झाले. इ.स. १७०२ मध्ये लायब्निझ आणि योहान बर्नुली या दोघांनीही ही रीत प्रसिद्ध केली. बहुपदींचा महत्तम साधारण विभाजक सततच्या भागाकाराने काढण्याची रीत तर सिमोन स्टेविनने १५८५ मध्येच दिली होती. संख्यांना लागू पडणारे कुटणे बहुपदींनाही लागू पडते, हे साधन तेथेही तयार होते.

१५/
आता बहुपदींचा कुट्टक प्रत्यक्ष करून पाहावा. सहगुणक परिमेय संख्या असू देत. ‘हार’ म्हणून x−1 आणि ‘भाज्य’ म्हणून x²+1 घेतले. एकच भागाकार पुरतो:

x²+1 = (x−1)(x+1) + 2

बाकी 2 आली, 1 नव्हे. पूर्णांकांत येथे अडले असते. परंतु परिमेय सहगुणकांत 2 ने भागण्यास आडकाठी नाही. म्हणून

1 = ½(x²+1) − ½(x+1)(x−1)

हाच बहुपदींचा स्थिरकुट्टक. या ओळीला दोन्ही अवयवांच्या गुणाकाराने भागले की

1/((x−1)(x²+1)) = ½/(x−1) − ½(x+1)/(x²+1)

A, B, C न मांडता अपूर्णांक फुटला.

१६/
बाक्यांचे वाचनही तसेच चालते. ½(x²+1) या राशीची x−1 ने बाकी 1 आणि x²+1 ने बाकी 0. उलट −½(x+1)(x−1) ची x−1 ने बाकी 0 आणि x²+1 ने बाकी 1. पुन्हा त्याच दोन कळा. आता x−1 ने बाकी 4 आणि x²+1 ने बाकी 2x देणारी बहुपदी हवी असे समजावे. पहिल्या कळेला 4 ने आणि दुसरीला 2x ने गुणून मिळवले की −x³+2x²+x+2 येते. दोन्ही भाजकांचा गुणाकार x³−x²+x−1 आहे. तो एकदा मिळवला की x²+2x+1, म्हणजे (x+1)², उरते. पडताळा सोपा आहे: x=1 ठेवल्यास 4; आणि x² च्या जागी −1 ठेवल्यास 2x.

१७/
याच (x+1)² ला अंशस्थानी ठेवून अपूर्णांक फोडावा. x−1 खालचा अंश: बाकी 4, दुसरा अवयव x²+1 याची x−1 ने बाकी 2, म्हणून 4 भागिले 2, म्हणजे 2. वर्गात ‘अवयव झाकून x=1 ठेवा’ अशी जी झटपट युक्ती सांगतात ती हीच. x²+1 खालचा अंश: बाकी 2x, तिला x−1 च्या व्यस्ताने, म्हणजे −½(x+1) ने गुणले की −x²−x, त्यात x² च्या जागी −1 ठेवला की 1−x. म्हणून

(x+1)²/((x−1)(x²+1)) = 2/(x−1) + (1−x)/(x²+1)

x=0 ठेवून पाहिल्यास दोन्हीकडे −1 येते.

१८/
८५/५०४ फोडताना केले होते तेच सारे टप्पे येथे आले. फक्त शेवटचा हातचा आला नाही. कारण असे की बाकीची कोटी नेहमी भाजकाच्या कोटीहून लहान असते, आणि अशा ‘सम्यक्’ अपूर्णांकांची बेरीजही सम्यक्‌च राहते. संख्यांत ३/८, २/९ आणि ४/७ मिळून एकाच्या पुढे जाऊ शकतात. बहुपदींत लहान कोटीच्या राशी मिळवून मोठी कोटी कधीच बनत नाही. म्हणून अंशाची कोटी छेदाहून लहान असेल तर फोड नेमकी आणि एकमेव असते. अंशाची कोटी मोठी असेल तर मात्र आधी भागाकार करून पूर्ण भाग वेगळा काढावा लागतो. तो न काढता सहगुणक जुळवू गेल्यास समीकरणे परस्परविरोधी निघतात. चूक ओळखण्याची हीच खूण.

१९/
सहगुणक परिमेय का हवेत? समजा केवळ पूर्णांक सहगुणक घेतले आणि भाजक x−1 व x+1 आहेत. दोघांत सामाईक अवयव नाही. तरीही त्यांच्या पटींतून 1 घडत नाही. पहिल्याला कशानेही गुणा, दुसऱ्याला कशानेही गुणा, बेरीज करा आणि x=1 ठेवा: पहिले पद शून्य होते, दुसरे दोनाची पट होते. बेरीज सम येणार, 1 कधीच येणार नाही. 2 ने भागण्याची मुभा मिळताच अडचण संपते. म्हणूनच हा सिद्धांत परिमेय सहगुणकांच्या बहुपदींच्या वलयात निर्वेध चालतो: तेथे शून्येतर प्रत्येक संख्येने भागता येते आणि कुट्टकाची शेवटची शून्येतर बाकी स्थिर संख्या असेल तर तिचा 1 करता येतो.

२०/
छेदात अवयव पुन्हा आला तर? 1/(x²(x−1)) घ्यावा. येथे x आणि x असे दोन भाजक धरणे म्हणजे भास्कराचार्यांच्या शब्दांत दुष्ट प्रश्न. A/x + B/x + C/(x−1) यांचा छेद x² पर्यंत पोहोचतच नाही. योग्य भाजक x² आणि x−1. हे दोघे दृढ आहेत, कारण 1 = x² − (x+1)(x−1). भागून

1/(x²(x−1)) = 1/(x−1) − (x+1)/x²

मग (x+1)/x² चे 1/x + 1/x² होणे ही वेगळी, सोपी पायरी आहे. २३/१०० चे २/१० + ३/१०० करावे तशी. पाठ्यपुस्तकातील ‘पुनरावृत्त अवयवांचा नियम’ या दोन पायऱ्या एकत्र सांगतो, म्हणून तो मनमानी भासतो.

२१/
खुद्द लायब्निझही एका ठिकाणी अडले. x⁴+a⁴ छेदात असेल तर त्याचे संकलन लॉगरिथम आणि वर्तुळकंस यांनी होणार नाही, असे त्यांनी १७०२ मध्ये मानले. काल्पनिक अवयवांच्या जोड्या कशाही लावल्या तरी वास्तव गुणाकार येत नाही असा त्यांचा समज होता. तो चुकीचा होता:

x⁴+1 = (x²+√2·x+1)(x²−√2·x+1)

अशा राशींचे वास्तव अवयव पाडण्याची व्यापक रीत रॉजर कोट्स यांच्या, १७२२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या, लेखनात आली. मात्र येथे √2 लागतो. परिमेय सहगुणकांत x⁴+1 चे अवयव पडतच नाहीत. तेथे तो मूळ संख्येसारखा अभंग आहे. म्हणजे अपूर्णांक कुठवर फुटेल हे कुट्टक ठरवत नाही. कोणत्या संख्या वापरण्याची मुभा आहे यावर ते ठरते.

२२/
संख्यांचा आणि अपूर्णांकांचा धागा एकाच पुस्तकात स्पष्ट जोडला तो गाऊस यांनी. १८०१ च्या ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’ या ग्रंथात बाक्यांवरून संख्या शोधण्याची रीत आहे. आणि उपयोजनांचा सहावा विभाग सुरूच होतो तो अपूर्णांक सोप्या अपूर्णांकांत फोडण्याने, तोही बाक्यांच्याच आधारे. ‘चिनी’ हा शब्द अर्थातच तेथे नाही. चिनी रीतीची ओळख युरोपला अलेक्झांडर वायली यांच्या १८५२ च्या लेखनातून होऊ लागली. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ यांचे कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर १८१७ मध्येच छापले गेले होते. तरी नाव चिकटले ते सुन्‌त्झीच्या देशाचे.

२३/
तेव्हा भास्कराचार्यांना आंशिक अपूर्णांक ठाऊक होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांनी बहुपदींचे अपूर्णांक फोडले नाहीत. त्यांच्याकडे होती ती ही रीत ज्या पायरीवर उभी आहे ती पायरी, पूर्णांकांपुरती पूर्ण सोडवलेली: दोन दृढ राशींतून एक घडवणे, आणि तो कधी घडत नाही हे आधी सांगणे. हे विधान ‘सगळे आमच्याकडे होते’ याहून लहान आहे, पण वल्ली चढून कोणालाही पडताळता येते. उलट कुट्टक म्हणजे केवळ ग्रहगणिताची जुनी क्लृप्ती, असे म्हणणेही तितकेच अपुरे. वरची प्रत्येक फोड त्याच पायरीवर झाली आहे.

२४/
श्रीराम अभ्यंकर यांनी इ.स. १९७६ मध्ये पुण्यात गणिताच्या संशोधनासाठी संस्था स्थापली आणि तिला नाव दिले भास्कराचार्य प्रतिष्ठान. बैजिक भूमितीत जगन्मान्य झालेले अभ्यंकर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या बीजगणिताचे, म्हणजे बहुपदींशी प्रत्यक्ष हाताने झुंजण्याचे, आयुष्यभर पुरस्कर्ते राहिले. पाटणच्या मठापासून या संस्थेपर्यंत आठ शतकांचे अंतर आहे. भोरच्या वर्गात फळ्यावर A, B, C मांडले जातात तेव्हा त्या अक्षरांच्या मागे दोन भागाकार, एक वेल आणि अखेरीस उरणारा १ असतो. तो १ मिळाला तर तुकडे मिळतात; न मिळाला तर भाजक दृढ नाहीत.